लग्नाची डीव्हीडी, अमेरिकेहून आलेला ब्लू-रे प्लेअर आणि नवा ४के टीव्ही

प्रश्न: दादा, आमच्याकडे २००९ सालचा डीव्हीडी प्लेअर आहे. नवीन ५५ इंची ४के टीव्हीला तो तीन पिनांच्या वायरने जोडला. आधी चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं, मग कसेबसे रंग आले, पण आमच्या लग्नाच्या (२००६) डीव्हीडीत सगळे आडवे पसरलेले आणि पुसट दिसतात. भावाने न्यू जर्सीहून ब्लू-रे प्लेअर आणि बऱ्याच डिस्क आणल्यात. त्या डिस्क आमच्या प्लेअरवर लागत नाहीत. त्याचा प्लेअर अजून लावलेला नाही. तो म्हणतो, त्यावर सगळंच चालेल. दुकानदार म्हणतो, एव्ही टू एचडीएमआय डबी घ्या, नाहीतर ४के अपस्केलिंगवाला प्लेअर घ्या. नक्की काय करू? (कोथरूड, पुणे)

ताई, भावाचा प्लेअर अजून लावला नाहीत हे फार बरं झालं. तो बोर्डात खुपसण्याआधी उलटा करून मागचं किंवा खालचं लेबल वाचा. तिथे `AC 100-240V ~ 50/60Hz` असं छापलेलं असेल तर पिनेचं कन्व्हर्टर लावून तो आपल्याकडे बिनधास्त चालेल. पण `AC 120V ~ 60Hz` एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टवर त्याचा पॉवर सप्लाय लगेच जातो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेजला हात लावत नाही, आणि अमेरिकेहून आलेल्या वस्तू सर्वांत जास्त याच गैरसमजातून जळतात. अशा प्लेअरला २३०चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लेअर फार तर वीस-पंचवीस वॅट खातो, त्यामुळे १०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर भरपूर झाला. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत विचारलंत तर मिळून जाईल. काही प्लेअरना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो. तिथे प्लेअरवरचं नाही, अडॅप्टरवरचं `INPUT` बघायचं.

आता मूळ प्रश्न. तुमच्याकडे वायर, रीजन म्हणजे डिस्कवरचं देशाचं कुलूप, आणि पाल-एनटीएससी म्हणजे चित्राच्या दोन वेगळ्या पद्धती, अशा तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. एकीचा उपाय दुसरीवर करायला गेलं की पैसे जातात आणि चित्र तसंच राहतं. अपस्केलिंग, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र मोठ्या पडद्याएवढं करणं, या तिन्हींच्या नंतर येतं, म्हणून ते शेवटी घेतो.

वायरपासून सुरू करू. नवा प्लेअर किंवा डबी घेण्याआधी तुमच्याच जुन्या प्लेअरची मागची बाजू टॉर्च मारून नीट बघा. २००९च्या सुमाराला आपल्याकडे विकल्या गेलेल्या बऱ्याच डीव्हीडी प्लेअरना एचडीएमआय होतं, पण तेव्हाच्या पेटीसारख्या टीव्हीला ते लावायची सोयच नसल्याने ते होल कोणी कधी वापरलं नाही. कित्येक घरांत त्यात रबराचं टोपण अजून तसंच असतं. ते असेल तर तुमचं निम्मं काम झालं. डबी नको, नवा प्लेअर नको, एक साधी एचडीएमआय केबल घ्या. डीव्हीडीच्या चित्रासाठी कुठलीही धड केबल चालते. सोन्याचा मुलामा वगैरेसाठी जादा पैसे देऊ नका, त्याने चित्रात काडीचाही फरक पडत नाही.

एचडीएमआयने एवढा फरक का पडतो ते सांगतो. तीन पिनांपैकी पांढरी आणि लाल आवाजाच्या, चित्र सगळं एकट्या पिवळीतून जातं. त्या एका तारेत उजेड-अंधार आणि रंग एकत्र मिसळून पाठवलेले असतात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. बारीक रेघा आल्या की टीव्ही गडबडतो. शालूच्या जरीच्या काठावर मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकताना दिसतात, बारीक पट्ट्यांच्या शर्टावर नसलेले इंद्रधनुषी रंग येतात. लाल रंग कडेने पसरतो, त्यामुळे कुंकू आणि शेल्याची किनार पुसट वाटते. एचडीएमआयमध्ये ही सरमिसळ होतच नाही. डिस्कवरचे आकडे आकडे म्हणूनच टीव्हीपर्यंत पोचतात.

ब्लॅक अँड व्हाइटचं कारणही इथलंच आहे. नव्या टीव्हीला पिवळं होल वेगळं नसतं. हिरव्या होलाला अर्धी पिवळी रिंग असते किंवा खाली `Y/VIDEO` लिहिलेलं असतं, आणि पिवळी पिन त्या हिरव्यात जाते. टीव्हीने तो सिग्नल कॉम्पोनंट, म्हणजे उजेड-अंधार एका तारेतून आणि रंग वेगळ्या तारांतून येणारा, समजून घेतला तर त्याला फक्त उजेड-अंधार कळतो, रंग कळत नाहीत. इनपुटच्या यादीत `Component` सोडून `AV` निवडलं की रंग येतात. काही टीव्हींना हेडफोनसारखं एकच बारीक होल असतं आणि त्याची शेपटी टीव्हीच्या खोक्यात येते. दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूची शेपटी तिथे लावू नका. दिसायला सारखी असली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, मग चित्राच्या जागी घरघर ऐकू येते.

आता एव्ही टू एचडीएमआय डबी. ती पिवळ्या तारेतून आलेलं, आधीच मिसळून बिघडलेलं चित्र घेते आणि तेच ७२०पी किंवा १०८०पीला ताणून टीव्हीला देते. मिसळलेले रंग ती नीट वेगळे करू शकत नाही. शिवाय बहुतेक स्वस्त डब्या जे येईल ते पूर्ण रुंद पडद्यावर पसरवतात, म्हणजे तुमचे पसरलेले चेहरे आणखी पक्के होतात. टीव्हीला एव्हीचं होलच नसेल आणि प्लेअरला एचडीएमआय नसेल, एवढ्याच परिस्थितीत मी ती डबी लावतो. घ्यावीच लागली तर दिशा बघून घ्या. `AV2HDMI` आणि `HDMI2AV` या अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एक दुसरीचं काम करत नाही. तिला यूएसबीतून ५ व्होल्टही द्यावे लागतात, नाहीतर पडदा निळा किंवा काळाच राहतो.

एचडीएमआय जोडल्यावर काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. अनेक जुने प्लेअर पहिल्यांदा एव्हीवरच चित्र पाठवायला लावलेले असतात. त्यासाठी मी सुरुवातीला दोन्ही वायरी लावून ठेवतो. पिवळ्या वायरीवर मेनू उघडायचा, व्हिडिओच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय चालू करायचं, रिझोल्यूशन आधी `576p` ठेवायचं, मग टीव्हीचं इनपुट बदलून बघायचं. एचडीएमआयवर चित्र आलं की एव्हीच्या वायरी काढून टाका. चित्र आलं पण आवाज नाही, असं झालं तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये `Bitstream` किंवा `RAW` असेल तिथे `PCM` करा. डीटीएस आवाज पुष्कळ टीव्हींना उलगडता येत नाही. `PCM` म्हणजे प्लेअरने तो स्वतः उलगडून साधा करून देणं.

आता भावाच्या डिस्क. सिनेमाच्या कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे सहा भाग पाडले. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका ४, आणि आपण रशिया व आफ्रिकेच्या बऱ्याचशा देशांबरोबर ५. डिस्कच्या मागे पृथ्वीच्या छोट्या चित्रात हा आकडा असतो. तुमचा प्लेअर ५चा असेल तर १ची डिस्क तो वाचतो, आकडा बघतो आणि नाकारतो. डिस्कही चांगली असते आणि प्लेअरही. ब्लू-रेला ही विभागणी वेगळी आहे आणि तिथे अक्षरं आहेत: अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ए, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका बी, भारत, चीन आणि रशिया सी. म्हणजे एकाच ब्लू-रे प्लेअरमध्ये दोन कुलुपं असतात, डीव्हीडीचं एक आणि ब्लू-रेचं दुसरं, आणि एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. "मल्टिरीजन" म्हणून विकलेल्या प्लेअरवर डीव्हीडी सगळ्या चालतात आणि ब्लू-रे अडकते, असं त्यामुळेच होतं. ४केच्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कना मात्र रीजनच नसतो. त्या कुठूनही आणा, कुठेही लावा.

आपल्याकडच्या स्वस्त डीव्हीडी प्लेअरपैकी बरेच मुळातच सगळे रीजन चालवतात, आणि काहींचा रीजन रिमोटवरून बदलता येतो. ट्रे उघडायचा, ठरावीक क्रमाने बटणं दाबायची, मग लपलेला मेनू येतो. हा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. दुसऱ्याच मॉडेलचा क्रम तुमच्या प्लेअरवर मारत बसू नका. काही मेनूंत रीजनच्या शेजारीच लेझरचं किंवा फॅक्टरीचं सेटिंग असतं. अशा मेनूत `0` म्हणजे सगळे रीजन. पण अमेरिकेच्या काही डिस्क प्लेअर `0`वर आहे का हे तपासतात आणि मग पडद्यावर नकाशा दाखवून थांबतात. तिथे `0`ऐवजी नेमका `1` ठेवला की त्या चालतात. कंप्युटरच्या ड्राइव्हवर मात्र असले प्रयोग जपून करा. तिथे रीजन पाचच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. ब्लू-रेचं कुलूप नावाजलेल्या कंपन्यांच्या बहुतेक प्लेअरवर रिमोटने उघडत नाही, आत वेगळा भाग बसवावा लागतो, आणि त्या भानगडीत पडू नका असंच मी सांगेन.

तुम्हाला तर यातलं काहीच करायची गरज नाही, कारण भावाचा प्लेअर अमेरिकेचाच आहे. त्याच्या डीव्हीडी १ आणि ब्लू-रे ए, प्लेअरही १ आणि ए. विजेचं लेबल बघून तो एचडीएमआयने टीव्हीला जोडा, त्या डिस्क लागतील. अमेरिकेचा सिग्नल सेकंदाला ६० वेळा येतो, आपला ५० वेळा, पण भारतात विकले जाणारे सध्याचे टीव्ही एचडीएमआयवर दोन्ही घेतात.

आता भावाचं "सगळंच चालेल". इथेच खरी मेख आहे. तुमच्या लग्नाच्या डीव्हीडीला रीजनचं कुलूप बहुधा नाहीच. फोटोग्राफरने कंप्युटरवर तयार केलेल्या डिस्कला ते कोणी घालत नाही. तरीही ती अमेरिकन प्लेअरवर बहुतेक लागणार नाही. कारण आपली डिस्क पाल आहे आणि अमेरिकेची पद्धत एनटीएससी. पालमध्ये एका चित्रात ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. एनटीएससीत ४८० ओळी आणि जवळजवळ ३० चित्रं. आपल्याकडचे प्लेअर पहिल्यापासून दोन्ही वाचतात, कारण आपल्या बाजारात दोन्ही प्रकारच्या डिस्क येत. अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्लेअरना पाल वाचायची गरज कंपन्यांना वाटली नाही, म्हणून बहुतेक पाल नाकारतात. काही मोजके घेतात, तेव्हा एकदा लावून बघायला हरकत नाही. पण नाही चालली तर रीजनचे कोड शोधत बसू नका, रीजन बदलून पाल सुरू होत नाही. ओळखायची खूण अशी: रीजन अडला की संदेशात सहसा रीजन किंवा एरिया हा शब्द येतो; पाल अडली की डिस्क फिरते, पडदा काळा राहतो किंवा डिस्क चालवता येत नाही असं मोघम काहीतरी येतं. आणि तुमच्याकडे नाटकांच्या व्हीसीडी असतील तर त्यांचंही तेच. व्हीसीडी पुष्कळ ब्लू-रे प्लेअर वाचतच नाहीत. जुना प्लेअर भंगारात देऊ नका.

म्हणजे मांडणी अशी करा. जुना प्लेअर टीव्हीच्या एचडीएमआय १ला, त्यावर लग्नाची डिस्क, नाटकं, इथे घेतलेले सिनेमे. भावाचा प्लेअर एचडीएमआय २ला, त्यावर फक्त अमेरिकेच्या डिस्क. टीव्हीत इनपुटला नाव देता येतं, तिथे "इथलं" आणि "अमेरिका" असं लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या ज्येष्ठांनाही विचारावं लागणार नाही.

जुन्या प्लेअरमध्ये दोन सेटिंग आजच बघा. पहिलं `TV System`. ते `AUTO` किंवा `MULTI` हवं. अनेकदा रिमोटवरचं `N/P` बटण चुकून दाबलं जातं आणि प्लेअर पाल डिस्कचं एनटीएससी करून पाठवत राहतो. ५७६ ओळींच्या ४८० होतात, २५ चित्रांची ओढूनताणून ३० होतात आणि हालचाल अडखळते. चित्र "पुसट" असल्याची तक्रार घेऊन गेलो आणि कारण हे निघालं, असं पुष्कळ घरांत बघितलंय. दुसरं `TV Display` किंवा `TV Type`. ते `16:9` हवं. जुन्या टीव्हीच्या काळातलं `4:3 LB` तसंच राहिलं असेल तर रुंद सिनेमा चारी बाजूंनी काळ्या चौकटीत छोटा दिसतो, आणि वरखाली काळे पट्टे घालण्यात प्लेअर ५७६पैकी ४३२च ओळी चित्राला वापरतो. मग टीव्हीवर झूम करून तुम्ही ते भरून काढता आणि चित्र आणखी फुसकं होतं.

आता पसरलेले चेहरे. २००६ची लग्नं बहुतेक ४:३मध्ये शूट झालेली आहेत. डीव्हीडीवर रुंद चित्र असो की चौकोनी, आडवे ठिपके ७२०च असतात; ते किती रुंद दाखवायचे याची खूण चित्राबरोबर जाते. टीव्हीने ती खूण मानली नाही किंवा प्लेअरने पाठवली नाही की चौकोनी चित्र पूर्ण पडद्यावर ताणलं जातं. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये `4:3` निवडा. डावी-उजवीकडे काळे पट्टे येतील आणि माणसं पुन्हा माणसांसारखी दिसतील. प्लेअर `1080p`वर असेल तर मात्र काही टीव्ही `4:3` निवडूच देत नाहीत, कारण तो सिग्नल रुंदच असतो असं ते धरून चालतात. अशा वेळी प्लेअर `576p`वर आणला की तो पर्याय दिसतो. ५५ इंची पडद्यावर ४:३चं चित्र साधारण ४५ इंची होतं. घरच्यांना वाटतं टीव्ही वाया गेला, पण ताणलेल्या चित्रापेक्षा हे चांगलं, आणि ठिपके कमी पसरल्याने स्पष्टही दिसतं.

आणि आता अपस्केलिंग. पाल डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. तुमच्या टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर वीसपट. पूर्ण पडदा भरला तर दर वीस ठिपक्यांमागे एकच डिस्कवरून येतो, बाकीचे एकोणीस कुणीतरी अंदाजाने भरायचे असतात. हे भरणं प्लेअर करू शकतो, टीव्हीही करू शकतो. तुमच्या टीव्हीत ते आत्ताही होतंयच. नाहीतर चित्र पडद्याच्या मधोमध वहीच्या पानाएवढं दिसलं असतं. त्यामुळे "अपस्केलिंग हवं का" असा प्रश्नच उरत नाही, ते कोणी करायचं एवढंच ठरवायचं असतं.

पण लग्नाच्या चित्रात ठिपके भरण्याआधीच एक नाजूक काम असतं आणि चित्र बहुतेक तिथेच बिघडतं. त्या काळचा व्हिडिओ कॅमेरा एका वेळी पूर्ण चित्र घेत नसे. आधी विषम ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. तेवढ्यात नवरीने मान हलवली असेल तर सम आणि विषम ओळींतली मान वेगवेगळ्या जागी असते. जुन्या टीव्हीवर हे खपून जायचं, कारण तोही तशाच ओळी आळीपाळीने दाखवायचा. सपाट टीव्हीला पूर्ण चित्र एकदम हवं असतं, म्हणून दोन्ही ओळी जोडाव्या लागतात, याला डी-इंटरलेसिंग म्हणतात. ते नीट झालं नाही की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. सिनेमाच्या डीव्हीडीत हा त्रास कमी, कारण फिल्मवरच्या एकाच क्षणाच्या चित्राच्या सम-विषम ओळी केलेल्या असतात, त्या परत बिनचूक जुळतात. "त्याच प्लेअरवर सिनेमा छान दिसतो, मग लग्नच असं का" याचं उत्तर हे आहे. प्लेअर बिघडलेला नसतो.

म्हणून परीक्षा लग्नाच्या डिस्कवरच घ्या, आणि ती अशी. मुंडावळ्या हलताना दिसतात असा जवळचा शॉट शोधा आणि शेवटच्या मंगलाष्टकानंतर अक्षता पडतात तो प्रसंग शोधा. नेहमी बसता तिथेच बसा. प्लेअर `1080p`वर ठेवून दोन्ही बघा, मग `576p`वर, आणि तुमच्या प्लेअरमध्ये `576i` असेल तर त्यावरही. `1080p`वर दोन्ही कामं प्लेअर करतो आणि वर टीव्ही ते चौपट करतो. `576p`वर ओळी प्लेअर जोडतो, मोठं टीव्ही करतो. `576i`वर सगळं टीव्हीकडे. मुंडावळीच्या मण्यांच्या कडेला दाते दिसतात का, मांडवाच्या तिरप्या कडा पायऱ्यांसारख्या होतात का, एवढंच बघा. पहिल्या नजरेत `1080p` जास्त धारदार वाटू शकतं, पण जुने प्लेअर कडांना पांढरी रेघ काढून तो आभास करतात. चेहरा आणि केस यांच्या मधली रेघ बघा म्हणजे कळेल. माझा अनुभव असा, की २००९चा प्लेअर आणि आत्ताचा टीव्ही अशी जोडी असेल तर बहुतेक वेळा टीव्हीकडे जास्त काम सोपवलेलं बरं ठरतं. पण अगदी स्वस्त ४के टीव्हींत ओळी जोडण्याचं काम कच्चं असतं, तिथे उलटंही होतं. म्हणून स्वतः बघून ठरवा.

त्याबरोबर टीव्हीचं `Sharpness` खाली आणा. जुन्या चित्रात धार वाढवली की फक्त खरखर वाढते. `Noise Reduction` लग्नाच्या डिस्कसाठी थोडं ठेवा, जास्त केलंत तर चेहरे मेणाचे होतात. भावाच्या ब्लू-रेसाठी दोन्ही जवळजवळ बंद. तिथे मूळ चित्रच १९२० गुणिले १०८० आहे, टीव्हीला फक्त चौपट करायचं असतं, आणि त्या प्लेअरला `1080p`वर आणि सिनेमाच्या सेकंदाला २४ चित्रांसाठीचं `24p` चालू ठेवलंत की त्याला छेडायची गरज नाही.

आता ४के अपस्केलिंगवाला प्लेअर घ्यायचा का? डीव्हीडी चांगली दिसावी एवढ्यासाठी नको. जे काम तुमचा टीव्ही करतोय तेच तो करणार. ४केच्या अल्ट्रा एचडी डिस्क घ्यायच्या असतील तर घ्या, तो खरा उपयोग. पण लक्षात ठेवा, त्या प्लेअरमध्येही साध्या डीव्हीडी आणि ब्लू-रेची कुलुपं असतातच.

हे सगळं केल्यावर रंग सुधारतील, चेहरे सरळ होतील, दाते जातील. तरी अक्षता पडताना चित्र चौकोना-चौकोनांत फुटत असेल तर ते डिस्कमध्येच आहे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर बसवलं तर आवाजासकट सेकंदाला साडेतीन मेगाबिटच वाट्याला येतात. डीव्हीडीचं चित्र ९.८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतं. शेकडो दाणे एकदम हवेत उडतात तेव्हा तेवढ्यात ते मावत नाहीत आणि तपशील लिहितानाच टाकून दिला जातो. तो कुठलाही प्लेअर परत आणणार नाही. तुमचं लग्न तेव्हा बहुधा मिनी डीव्ही कॅसेटवर शूट झालं असेल. त्या कॅसेटवर एकट्या चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट असतात. दाबण्याची पद्धत वेगळी असल्याने ते सरळ सातपट चांगलं असं म्हणता येणार नाही, पण असे चौकोन तिथे नसतात. तेव्हा ज्याने शूट केलं त्या फोटोग्राफरला फोन करून मूळ कॅसेट ठेवल्यात का विचारा. अनेकांनी त्या पुसून पुन्हा वापरल्या, काहींनी जपल्या. मिळाल्या तर फायरवायरचं होल असलेल्या कॅमेऱ्यावरून कंप्युटरवर जशाच्या तशा उतरवून घ्या. पिवळ्या वायरीने उतरवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. नाहीच मिळाल्या, तर आत्ताची डिस्क अजून वाचता येतेय तोवर तिचा `VIDEO_TS` फोल्डर हार्ड डिस्कवर पूर्ण उचलून ठेवा, आणि तो पुन्हा दाबून छोटा करू नका.